तीन लिटरचा स्टीलचा कुकर, आठ महिने आणि गिच्च भात

गणपतीच्या आधी जुना अ‍ॅल्युमिनियमचा कुकर भंगारात गेला आणि तीन लिटरचा, जाड बुडाचा स्टीलचा कुकर घरी आला. स्वयंपाकाचा भात मीच लावतो. पहिला महिनाभर ताटात जे पडलं त्याला भात म्हणण्यापेक्षा खिमट म्हणणं जास्त खरं ठरलं असतं. तांदूळ तोच सुरती कोलम, वाटी तीच, पाणी नेहमीचं दुप्पट, शिट्ट्याही नेहमीच्या तीन. कुकरच खराब निघाला असं धरून मी परत करायला निघालो होतो. आई फोनवर म्हणाली, "अरे, कुकर काय करणार? तू पाणी ओततोस किती ते बघ आधी."

म्हणून एका रविवारी वजनकाटा काढला. एक वाटी, म्हणजे १५० ग्रॅम तांदूळ आणि दोन वाट्या, म्हणजे ३६० मिलिलिटर पाणी. लावण्याआधी आणि वाफ गेल्यावर झाकणासकट अख्खा कुकर काट्यावर ठेवला. एका शिट्टीत जेमतेम ४० ग्रॅम वजन कमी झालं. दुसऱ्या दिवशी तेवढाच भात साध्या पातेल्यात, अर्धवट झाकण ठेवून केला, तर दीडशेच्या आसपास पाणी उडालं आणि भात छान मोकळा झाला. कोडं तिथेच सुटलं. 'एकास दोन' हे माप पातेल्याचं आहे, त्यात वाफेवर उडणारं पाणी धरलेलं असतं. मोकळ्या कोलमला खरं लागतं ते साधारण २०० मिलिलिटर. कुकरमध्ये मी त्याला ३२० प्यायला लावत होतो. दाण्याला सगळं पाणी पिण्याशिवाय गत्यंतर नसतं. तो फुगतो, फुटतो, आतला स्टार्च बाहेर येतो आणि शितं एकमेकांना चिकटतात.

मग हिशेब सोपा झाला. भाताला २०० आणि कुकरमधून उडणारे ४०, मिळून २४०. पण यात एक चोर लपलेला असतो, धुतलेल्या तांदळातलं पाणी. मी तांदूळ दोनदा धुऊन वीस मिनिटं भिजवतो आणि रोवळीत निथळतो. काट्यावर तेव्हा तो १५० चा १९५ झालेला असतो. म्हणजे ४५ मिलिलिटर पाणी आधीच आत गेलंय. वरून ओतायचं राहिलं १९५, म्हणजे एक वाटी आणि वर एक मोठा चमचा. पहिल्यांदा एवढंसं पाणी बघून हात थांबतो, तांदूळ करपणार असंच वाटतं. मध्यम आचेवर आणि एकाच शिट्टीत करपत नाही. मात्र आपल्या कुकरच्या पुस्तिकेत किमान पाणी किती सांगितलंय ते एकदा बघून घ्या, त्याच्या खाली जाऊ नका.

भात वाढवला की पाणी त्याच पटीत वाढवायचं नाही, हे मला तिसऱ्या महिन्यात पाहुणे आले तेव्हा कळलं. उडणारं पाणी कुकर ठरवतो, तांदूळ नाही. ते एक वाटीलाही ४० आणि दोन वाट्यांनाही जवळपास तेवढंच. म्हणून भिजवून निथळलेल्या दोन वाट्यांना मी दोन वाट्यांना चमचाभर कमी पाणी घालतो. आणि भाताचा कुकर पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरत नाही, फेस येऊन शिट्टीची वाट बंद व्हायला नको.

आता शिट्टी. जुन्या कुकरच्या तीन शिट्ट्या म्हणजे या कुकरच्या तीन शिट्ट्या नव्हेत. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक आचेवर दहाही लागतात. दाण्याला शिट्टी ऐकू येत नाही, त्याला आच आणि वेळ कळते. शिवाय प्रेशर धरलेलं असताना आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास असतं आणि गॅस बंद केल्यावरही भात शिजतच राहतो. माझा जुना पातळ कुकर पाच-सहा मिनिटांत निवायचा. या जाड बुडाच्या कुकरला वाफ जायला बारा मिनिटं लागतात. म्हणजे जास्तीची सहा-सात मिनिटं मी न मागता शिजवत होतो. आता मध्यम आचेवर एक शिट्टी झाली की गॅस बंद आणि कुकर लगेच उचलून थंड शेगडीवर. तापलेल्या शेगडीवर तसाच ठेवला तर फरक चमच्याला कळतो.

घाईत एकदा चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढली. पांढरी पेज फसफसत टाइल्सवर गेली, ती पुसायलाच अर्धा तास गेला. आत दाणे मधोमध चिरलेले. प्रेशर एकदम उतरलं की ते तापलेलं पाणी दाण्याच्या आतच उकळतं, आणि दाणा फुटतो. वाफ आपोआप जाऊ द्यायची. झाकण काढल्यावरही लगेच ढवळायचं नाही, कारण गरम शित फार नाजूक असतं. पाच मिनिटं उघडा ठेवून मग झाऱ्याने कडेकडेने खालून सोडवायचा. मसालेभात किंवा फोडणीच्या भातासाठी परातीत पसरला की अजून सुटतो.

वरण आणि भात एकाच कुकरमध्ये डब्यांत लावणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. तूरडाळीला पंधरा मिनिटं हवीत, भाताला त्याच्या निम्मीही नकोत. डब्यातून पाणी उडत नाही, उलट झाकणाला साठलेले थेंब भातात पडतात. मी डाळ तासभर गरम पाण्यात भिजवतो, तांदूळ मात्र फक्त धुतो, भाताचा डबा वर ठेवून त्यावर ताटली झाकतो आणि वाटीला वाटीभरच पाणी घालतो. भात गिच्च होत नाही, पण फडफडीतही होत नाही, वरणाबरोबर चालतो. पुलाव करायचा असेल तर भात वेगळाच लावा.

दोनदा सगळं जमलेलं फिसकटलं. जानेवारीत नवीन पोतं आणलं आणि त्याच मापाने भात पुन्हा चिकट. दुकानदाराला विचारल्यावर म्हणाला, "नवा आहे, जरा मुरू द्या." नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, दोन मोठे चमचे कमी केल्यावर जमला. दुसऱ्यांदा मार्चमध्ये अकरा मिनिटं झाली तरी शिट्टीच होईना. हँडलच्या बाजूने वाफ निघत होती. उघडून पाहिलं तर तळाला खरपूस पापडी आणि वरच्या शितात कणी. रिंग सैल झाली होती. मोजून पाणी घालणाऱ्याला रिंग चांगली हवीच, कारण ४० चा हिशेब तिच्या जोरावर चालतो. आता शिट्टीच्या आधी बाजूने वाफ दिसली की मी गॅस बंद करून रिंग बघतो.

कुकरला पाचपैकी चार. एक गुण कापला तो उशिरा निवतो म्हणून, भाताला हे बूड जरा जडच आहे. आमटी आणि उसळीला मात्र तेच फायद्याचं पडतं. आणि इंद्रायणी किंवा आंबेमोहर याच मापाने लावून मोकळा होईल अशी आशा धरू नका. तो जातीचाच चिकट. आई येते तेव्हा मी मुद्दाम आंबेमोहर लावतो, पाणी थोडं जास्तच घालतो, आणि तो गुरगुट्या भात ती तूप-मेतकूट घालून खाते.