न्यूट्रल नसलेल्या बोर्डात स्मार्ट स्विच: पावसाळा आणि हिवाळा काढल्यावरचा अनुभव

आमचा फ्लॅट पुण्यातल्या कर्वेनगरातला, ऐंशीच्या दशकातल्या सोसायटीतला. लाकडी डब्यांवर सनमायकाचे बोर्ड आणि भिंतीवरून केसिंग-पट्टीत गेलेलं वायरिंग. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर स्मार्ट स्विच बसवले, आता उन्हाळा लागतोय. तीन बोर्डांवर तीन वेगळ्या पद्धती वापराव्या लागल्या आणि तिन्हींचं बरं-वाईट आता नीट कळलंय. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. कुठल्याही कंपनीचा माल घ्या, जुन्या घरात गाडी शेवटी भिंतीतल्या वायरपाशीच अडते.

साधा स्विच काय करतो, तर फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तोडतो आणि जोडतो. त्याला फेज आत आणि दिव्याकडे जाणारी वायर बाहेर, एवढ्या दोन वायरी पुरतात. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, थेट दिव्याकडे जातो आणि एका दिव्यावरून दुसऱ्या दिव्याला लूप होतो. आमच्यासारख्या घरांत वायर वाचवायला हेच केलेलं असतं. स्मार्ट स्विचची अडचण इथूनच सुरू होते. त्याच्या पोटात एक छोटा रेडिओ असतो आणि दिवा बंद असला तरी तो जागा राहावा लागतो, नाहीतर मोबाइलवरून दिलेली आज्ञा ऐकणार कोण? जागं राहायला त्याला स्वतःचा वीजपुरवठा हवा, म्हणजे फेज आत घेऊन परत सोडायला न्यूट्रल हवा. न्यूट्रल नसेल तर त्याच्यासमोर एकच वाट उरते, ती म्हणजे समोरच्या दिव्यातून.

बिन-न्यूट्रलचे म्हणून विकले जाणारे स्विच हेच करतात. दिवा बंद असताना ते दिव्यातून अगदी थोडा, काही मिलिअँपिअर करंट वाहू देतात आणि त्यावर जगतात. दिवा चालू असताना दुसरीच पंचाईत होते. संपर्क पूर्ण जुळला की स्विचच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेजच उरत नाही, मग खायला काही नाही. म्हणून ते प्रत्येक अर्ध्या आवर्तनात, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, क्षणभर उशिरा जुळतात आणि तेवढ्यात आपला घास काढून घेतात. साठ वॅटचा जुना बल्ब होता तोवर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. नऊ वॅटच्या एलईडीला मात्र ते जाणवतं.

आता आमच्या बोर्डांकडे वळतो. हॉलचा बोर्ड सगळ्यात सोपा निघाला. आपल्याकडच्या बऱ्याच बोर्डांत स्विचच्या शेजारी प्लगचं सॉकेट असतं आणि सॉकेट न्यूट्रलशिवाय चालूच शकत नाही. बोर्डावरचा लाल इंडिकेटरही फेज आणि न्यूट्रलच्या मधेच जोडलेला असतो. त्यामुळे ज्या बोर्डात चालू सॉकेट किंवा पेटणारा इंडिकेटर आहे, तिथे न्यूट्रल आहे. 'जुनं घर आहे, न्यूट्रल नसणारच' असं धरून महागडा बिन-न्यूट्रल स्विच घेणारे दोघंजण आमच्याच सोसायटीत आहेत. दोघांच्याही हॉलच्या बोर्डावर सॉकेट आहे! अमेरिकेत २०११ च्या विद्युत संहितेपासून स्विचच्या डब्यात न्यूट्रल ठेवायचा नियम आला. परदेशी व्हिडिओंमधली सगळी चर्चा तिथल्या एकेकट्या स्विचच्या डब्यांवर चालते, ती आपल्या सॉकेटवाल्या बोर्डाला जशीच्या तशी लागू होत नाही.

हॉलमध्ये वाय-फायचं मॉड्यूल स्विचच्या मागे ठेवलं आणि सॉकेटवरून न्यूट्रलची लहानशी वायर घेतली. जुन्या लाकडी डब्याचा इथे फायदा झाला. तो इतका खोल आहे की मॉड्यूल आत सैल बसतं. नव्या मॉड्युलर बोर्डांच्या पत्र्याच्या डब्यात हेच कोंबावं लागतं. वायरिंग ॲल्युमिनियमचं असेल तर तांब्याच्या वायरशी नुसता पीळ देऊ नका, कनेक्टर वापरा. ॲल्युमिनियमचा जोड कालांतराने सैल होतो आणि गरम व्हायला लागतो. हॉलबद्दल एकच तक्रार होती. गुरुवारी वीज गेली आणि परत आली की ट्यूब आपोआप लागायची. ॲपमध्ये 'वीज आल्यावर काय करायचं' ही सेटिंग असते, ती 'बंद' केली आणि विषय मिटला.

खरी परीक्षा बेडरूमच्या दाराजवळच्या बोर्डाची होती. तिथे ट्यूब, पंखा आणि नाइट लॅम्प असे तीन स्विच, सॉकेट नाही. वायरमन काका आले, त्यांनी मल्टीमीटर लावला आणि म्हणाले, "आहे की न्यूट्रल, हे बघा २३०." त्यांनी एक काटा फेजला आणि दुसरा ट्यूबकडे जाणाऱ्या वायरला लावला होता. मीटर खोटं बोलत नव्हतं, पण ती वायर न्यूट्रलही नव्हती. स्विच बंद असताना दिव्याकडे जाणारी वायर दिव्याच्या आतून पलीकडच्या न्यूट्रलला टेकलेली असते. मीटरला वाचायला नगण्य करंट पुरतो, म्हणून त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. टेस्टरही त्या वायरवर पेटत नाही, त्यामुळे संशय येत नाही. आणि जुन्या घरात रंगावर विसंबणं म्हणजे नशिबावर सोडणं. आमच्याकडे सगळ्याच वायरी काळपट झाल्यात.

मी काकांना टेस्ट लॅम्प लावायला सांगितलं, होल्डरमधला साठ वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब. एक टोक फेजला, दुसरं त्या 'न्यूट्रल'ला. हातातला बल्ब काळाच राहिला आणि वर छतावरची एलईडी ट्यूब लख्ख पेटली. काका हसले, "अहो, ही तर ट्यूबचीच वायर." खरा न्यूट्रल असता तर हातातला बल्ब पूर्ण उजेडाने लागला असता. टेस्ट लॅम्प नसेल तर दुसरा उपाय आहे: मेन बंद करून दिवा होल्डरमधून काढा, वीज परत चालू करून मीटर पुन्हा लावा. आकडा कोसळला तर ती न्यूट्रल नाही. हे काम ज्याचा हात बसलाय त्यानेच करावं. बोर्ड उघडा असताना फेज जिवंत असतो.

मग काका म्हणाले, "जाऊ द्या, अर्थिंगवर घेऊ, मस्त चालेल." चालतंही, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असेल तर अर्थिंगमध्ये गेलेला प्रत्येक मिलिअँपिअर तो गळती म्हणून मोजतो. असे चार-सहा स्विच झाले की आरसीसीबी कारणाशिवाय पडायला लागतो. त्याहून वाईट म्हणजे अर्थिंगची वायर पुढे कुठे तुटलेली असेल, आणि जुन्या सोसायट्यांत ती असतेच असते, तर मॉड्यूलमधून आलेली वीज त्याच अर्थिंगला जोडलेल्या फ्रिजच्या आणि वॉशिंग मशीनच्या अंगावर येऊन बसते. मी ठाम नको म्हटलं. हॉलच्या बोर्डावरून न्यूट्रल ओढणं हा सगळ्यात स्वच्छ उपाय होता, पण मधल्या भिंतीतून जाणारी नळी वायरींनी ठासून भरलेली होती, स्प्रिंग आत शिरेचना. तुमच्याकडे केसिंग-पट्टी सलग असेल तर हेच करा. फक्त न्यूट्रल त्याच सर्किटचा घ्या. खोल्यांना वेगळे आरसीसीबी असतील आणि फेज एका खोलीचा, न्यूट्रल दुसऱ्या खोलीचा झाला, तर दोन्ही पडतील.

शेवटी ट्यूबसाठी बिन-न्यूट्रलचा झिगबी स्विच बसवला. झिगबी म्हणजे वाय-फायसारखाच, पण कमी विजेवर चालणारा रेडिओ. या प्रकारात वाय-फायवाले कमी आणि झिगबीवाले जास्त दिसतात, कारण वाय-फायचा रेडिओ बोलताना चांगलीच वीज ओढतो आणि ती दिव्यातून चोरून भागत नाही. झिगबीला वेगळा हब, म्हणजे स्विच आणि मोबाइलला जोडणारा मधला डबा, लागतो, हा खर्च धरून चाला. पहिल्याच रात्री अपेक्षित तेच झालं: खोलीत अंधार आणि छतावर ट्यूब दर काही सेकंदांनी डोळा मारतेय. स्विचमधून झिरपणारा करंट ट्यूबच्या ड्रायव्हरमधला कंडेन्सर हळूहळू भरतो. तो पुरेसा भरला की ड्रायव्हर जागा होतो, एक लखलखाट होतो, कंडेन्सर रिकामा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

उपाय स्विचच्या खोक्यातच आला होता. तो म्हणजे दिव्याला समांतर, फेज आणि न्यूट्रलच्या मधे लावायचा छोटा कंडेन्सर. आमचा ०.१ मायक्रोफॅरडचा आहे. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा साधारण ३२ हजार ओहम, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ७ मिलिअँपिअर त्यातून जाऊ शकतात. स्विचची भूक भागते आणि दिव्याच्या वाट्याला जवळपास काही येत नाही. विजेच्या बिलावर याचा परिणाम नाही, कारण कंडेन्सर स्वतः वॅट खात नाही म्हटलं तरी चालेल. दोन गोष्टी मात्र पाळा. तो वर दिव्यापाशी लावायचा, स्विचवर आडवा लावलात तर गळती उलट वाढेल. आणि त्यावर एक्स२ व २७५ व्होल्ट एसी लिहिलेलं हवं. काकांनी पिशवीतला पंख्याचा कंडेन्सर पुढे केला होता. तो २.५ मायक्रोफॅरडचा, म्हणजे पंचवीसपट. दर वेळी स्विच जुळताना तो जो झटका ओढेल, त्याने छोट्या रिलेचे संपर्क चिकटू शकतात.

कंडेन्सर लावल्यापासून लुकलुक पूर्ण थांबली. नाइट लॅम्प मी याच स्विचवर घेतला होता, तो अर्ध्या वॅटचा. कंपनीने सांगितलेल्या किमान लोडच्या खूप खाली असल्यामुळे तो लागला की स्विचच हबवरून गायब व्हायचा. तो परत साध्या स्विचवर टाकला. पंखा बीएलडीसी आहे, त्याला रिमोट आहेच, त्याला हातही लावला नाही. आणखी एक उणीव नंतर कळली. न्यूट्रलवाले झिगबी स्विच दुसऱ्यांचा सिग्नल पुढे पोहोचवतात, बिन-न्यूट्रलवाले सहसा पोहोचवत नाहीत. त्यामुळे बाल्कनीपर्यंत सिग्नल न्यायला मधे एक झिगबीचा स्मार्ट प्लग ठेवावा लागला.

तिसरा बोर्ड पॅसेजचा, एकुलता एक स्विच. इथली पद्धत मला सगळ्यात आवडली. बोर्डात न्यूट्रल नसला तरी दिव्यापाशी तो असतोच. म्हणून मेन बंद करून बोर्डातल्या दोन्ही वायरी कनेक्टरने एकमेकींना जोडल्या, त्यामुळे वरपर्यंत कायमचा फेज गेला. छताच्या गोल डब्यात न्यूट्रलवालं साधं झिगबी मॉड्यूल बसवलं. खाली स्विचच्या जागी कोरी पट्टी आणि त्यावर चिकटवलेलं बॅटरीचं वायरलेस बटण. ना लुकलुक, ना कंडेन्सर, ना किमान लोडची कटकट. तोटा एवढाच की मॉड्यूल बिघडलं तर शिडी लावावी लागेल, आणि हब बंद पडला की बटण मुकं होतं. हे दुसरं टाळता येतं. काही बटणं मॉड्यूलशी थेट बांधता येतात, मग आज्ञा हबवरून जात नाही. सासूबाई हबच्या प्लगवर मिक्सर लावतात म्हणून मला ते करावंच लागलं. छतावरच्या डब्यात आता दिवा बंद असतानाही फेज असतो, तेव्हा पट्टीच्या आतल्या बाजूला 'दिवा बदलताना एमसीबी पाडा' अशी चिठ्ठी मार्करने लिहून चिकटवली आहे.