फ्रिजमधल्या वासावर काय घ्यावं: खायचा सोडा, कोळसा की दुकानातलं जेल

फ्रिज दुरुस्तीला गेलो की अर्ध्या घरी हाच प्रश्न येतो, भाऊ वास जात नाही, जेल आणू का, सोडा ठेवला तं चालते का, चुलीतला कोळसा ठेवा म्हणतात ते खरं का. तिन्हीचं काम एकदम वेगळं आहे, त्यामुळं वास कशाचा आहे हे आधी बघा, मंग पैसे घाला.

आधी खायचा सोडा. हा थोडा खारवट, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचा. दूध नासलं, दही आंबलं, ताक सांडलं की जो वास येतो तो आंबट पदार्थांचा असतो, ते हवेत उडतात आणि सोड्याला लागले की त्यांचं मीठ बनते. मीठ उडत नाही, म्हणून वास थांबतो. दुधा-दह्याच्या वासाला सोडा खरंच चांगला, स्वस्त पण आहे. पण लोक काय करतात, पाकिटाचा कोपरा फाडून तसंच दारात उभं करून ठेवतात. काम फक्त वरच्या थराचं होते, आतला सोडा तसाच राहते. पसरट ताटलीत पातळ पसरून ठेवा, महिना-दोन महिन्यांनी बदला, आणि तो काढलेला सोडा भज्यात टाकू नका, बेसिन घासायला वापरा. बेकिंग पावडर आणू नका, तिच्यात सोड्यासोबत आंबट पावडर आणि स्टार्च पण असते.

मासोळीचं गणित उलटं आहे. मासोळी खराब झाली की तिच्यातून निघणारा वास स्वतःच खारवट गुणाचा, त्याला ॲमिन म्हणतात. सोडा पण खारवट, वास पण खारवट, मंग कोण कोणाला मारणार? तिथं लिंबू नाहीतर व्हिनेगर लागते. मासोळी शिजवताना आपण लिंबू पिळतो त्याचं एक कारण हेच.

आता कोळसा. चुलीतला कोळसा आणि ॲक्टिव्हेटेड चारकोल दिसायला सारखेच काळे, पण कामात लय फरक. ॲक्टिव्हेटेड चारकोल बनवताना नारळाची कवटी किंवा लाकूड जाळून त्याला पुन्हा आठशे-नऊशे डिग्रीच्या आसपास वाफ देतात, त्यानं आत इतकी बारीक छिद्रं पडतात की एका ग्रॅमची आतली जागा शेकडो चौरस मीटर भरते. वास त्या छिद्रात जाऊन चिकटते. चुलीतल्या कोळशात अशी छिद्रं फार कमी, वरून राख, थोडाफार फरक पडतो पण त्याच्या भरवशावर राहू नका. कांदा, लसूण, सांबार, मसाल्याची उरलेली भाजी, कापलेलं फणस-खरबूज, या वासाला चारकोल सगळ्यात चांगला, इथं सोडा जवळपास काहीच करत नाही. मासोळीच्या ॲमिनवर मात्र साधा चारकोल कमजोर पडते. ओलाव्याचं पण लक्षात ठेवा, फ्रिजमध्ये पाणी साचत असेल तं तीच छिद्रं पाण्यानं भरतात आणि वासाला जागा उरत नाही. उन्हात ठेवलं की ओलावा निघते, थोडा वास पण निघते, पण पूर्ण नवीन होत नाही, ते भट्टीतच होते.

जेलबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डब्यावर लिंबू, लॅव्हेंडर, असा सुगंध लिहिला असेल तं ते बहुतेक वासावर वास चढवते. जेल आकसत जाते तेव्हा लोकांना वाटते घाण वास खाऊन संपलं, खरं म्हणजे त्यातलं पाणी आणि सुगंध उडून तुमच्या फ्रिजमध्ये गेलेला असतो. लोणी, साय, दूध यातल्या चरबीत तो सुगंध बसते, दोन दिवसांनी चहाला पण लागते. डब्यावर चारकोल लिहिलं असेल आणि सुगंध नसेल तं ती गोष्ट वेगळी, मंग ते चारकोलच्याच भावानं जोखा.

पण हे तिन्ही फक्त हवेतल्या वासावर चालतात. खाली वास बनवणारी वस्तू पडून असेल तं ते रोज हरणार. मागच्या उन्हाळ्यात लाखनीकडच्या एका घरचं सांगतो. तलावाची रहू फ्रीजरमध्ये ठेवून सगळे लग्नाला गेले, वादळ आलं, लाईन गेली, परत आले तोवर मासोळी वितळून पाणी खाली आलेलं. मासोळी फेकली, आतून साबणानं धुतलं, तरी वास. जेल झालं, सोडा झाला, कोळसा झाला. मी बघितलं तं आतून फ्रिज चकाचक होता. सिंगल डोअर फ्रिजमध्ये मागच्या भिंतीत खाली एक बारीक भोक असते, बर्फाचं पाणी त्यातून नळीनं मागं कॉम्प्रेसरवरच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये जाते. मासोळीचं पाणी तिथं जमलेलं, कॉम्प्रेसरच्या गरमीनं रोज तापायचं, सगळ्या स्वयंपाकघरात वास पसरायचा, आणि घरचे दार उघडून फ्रिजलाच दोष द्यायचे.

असं झालं तं प्लग काढा, सगळं बाहेर काढा, वितळलेलं मटण-मासोळी पुन्हा गोठलं असलं तरी फेका. फ्रीजरचा बर्फ आपोआप वितळू द्या, चाकूनं खरवडू नका, नळीला भोक पडलं तं गॅस जाईल. मंग कोमट पाणी आणि साबण, कारण चरबी-रस आधी निघाला पाहिजे, उकळतं पाणी नको, प्लास्टिक तडकते. दाराच्या रबराच्या घड्या बोटानं उघडून आतून पुसा, तिथं सांडलेलं दूध महिनोन्‌महिने सुकून बसते. भोकात पिचकारीनं कोमट पाणी सोडा, मागचा ट्रे निघत असेल तं काढून धुवा. शेवटचा हात मासोळी-मटणाला अर्धं पाणी अर्धं व्हिनेगरचा, आणि दूध-दह्याला लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे सोड्याचा. दोन्ही एकत्र करू नका, एकमेकाला मारून टाकतात, फेस दिसते पण वास काढायचं काम काहीच होत नाही. ब्लीच लावून व्हिनेगर तं अजिबात नको, विषारी गॅस निघतो. दार उघडं ठेवून एक-दोन दिवस वाळू द्या, आत पेपरचे गोळे भरले तं ओलावा ओढतात.

गेला की नाही हे आपल्या नाकाला कळत नाही, ते सवयीनं मुकं होते. झाकण नसलेल्या वाटीत ताजं दूध रात्रभर ठेवा, सकाळी फ्रिजपासून दूर नेऊन शेजारच्याला हुंगायला द्या. दुधाला वास लागला असेल तं अजून काहीतरी उरलंय.

लाखनीच्या त्या घरी ट्रे आणि नळी धुतली, व्हिनेगरचा हात मारला, तेवढ्यात बहुतेक काम झालं, प्लास्टिकच्या भिंतीत मुरलेलं जे थोडं होतं ते हळूहळू कमी होत गेलं.

म्हणून माझं सांगणं असं की घरात दूध-दही जास्त असेल तं सोडा पुरे, कांदा-लसूण-मसाला जास्त असेल तं जाळीच्या पिशवीत ॲक्टिव्हेटेड चारकोल आणा, मासोळीवाल्यांनी घट्ट झाकणाचे डबे आणि व्हिनेगरची बाटली, सुगंधी जेल कोणीच नको. आणि आतल्या प्लास्टिकला तडा जाऊन सडकं पाणी मागच्या फोममध्ये मुरलं असेल तं यातलं काहीच चालत नाही, धुणं पण नाही, तो खर्च करू नका, फ्रिज बदलायचाच विचार करा.