लगोरी की खो-खो? सहावी ते आठवीच्या वर्गासाठी निवड करताना

आठवड्याला खेळाचे दोन तास, प्रत्येक तास पस्तीस मिनिटांचा, वर्गात छत्तीस मुलं आणि पटांगण साधारण तीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद. बहुतेक शाळांत हिशेब थोड्याफार फरकाने असाच असतो. एवढ्यात मुलांना एकमेकांच्या साथीने खेळणं आणि डोकं लावून खेळणं, दोन्ही शिकवायचं, तर सत्र लगोरीला द्यावं की खो-खोला, असं सहकारी शिक्षक विचारतात. बरीच वर्षं दोन्ही खेळ वर्गाला खेळवल्यावर माझं मत झालं आहे ते असं: खो-खो सांघिकपणा आपोआप शिकवतो, डावपेच मात्र शिकवावे लागतात. लगोरीत याच्या उलट. डावपेच मुलं स्वतःच शोधतात, पण नियम बदलले नाहीत तर खेळ दोन-तीन दांडग्या मुलांच्या हातात जातो. म्हणून आपल्या वर्गात काय कमी आहे ते आधी बघावं.

खो-खोत कुणालाही एकट्याने खेळता येत नाही. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांबाला वळसा घातल्याशिवाय बदलता येत नाही. पळणारा मात्र पाटी हवी तशी ओलांडतो. तो पलीकडे गेला की वर्गातला सगळ्यात चपळ मुलगासुद्धा हतबल होतो. आता खो देण्याशिवाय इलाज नाही, आणि खो त्यालाच देता येतो ज्याची पाठ आपल्याकडे आहे. तो उठतो तो पलीकडच्या बाजूला, जिथे पळणारा आहे. शेजारशेजारचे गडी विरुद्ध तोंडांनी बसवण्यामागचं कारण हेच. "मिळून खेळा" असं बाईंना ओरडून सांगावं लागत नाही.

लगोरीत असा अडसर नाही. सात चपट्या दगडांचा ढीग, एक चेंडू, फोडणारा संघ आणि राखणारा संघ. ढीग फुटला की फोडणाऱ्यांनी तो परत रचायचा आणि राखणाऱ्यांनी चेंडू मारून त्यांना अडवायचं. ज्याचा हात जोराचा, तोच चेंडू धरून ठेवतो, पळत जाऊन जवळून मारतो, आणि बाकीचे पाच जण बघत उभे राहतात. गल्लीत हे चालून जातं, कारण ज्याला कंटाळा येतो तो घरी जातो. वर्गातल्या मुलाला घरी जाता येत नाही.

पण लगोरीतला पहिला फेक घ्या. जोरात मारला तर सातही दगड उडतात आणि लांब विखुरतात, रचायला वेळ लागतो. पण चेंडूही लांब जातो आणि तो परत येईपर्यंतची सेकंदं आपली असतात. हलकेच मारला तर वरचे दोन-तीन दगडच पडतात, रचायचं काम थोडं असतं. पण चेंडू ढिगापाशीच थांबतो आणि राखणारा तो लगेच उचलतो. यातलं बरोबर काय, ते राखणारे कुठे उभे आहेत यावर ठरतं. ढिगाच्या मागे कुणीच नसेल तर जोरात मारणं फायद्याचं, मागे दोघं उभी असतील तर नाही. मी हे वर्गाला कधीच समजावून सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या डावात कुणीतरी म्हणतंच, "अगं, मागं कुणी नाही, जोरात मार!" दर दोन मिनिटांनी डाव संपतो, नवा बेत करता येतो आणि तो लगेच तपासताही येतो. खो-खोत ही सोय नाही. तिथे निर्णय अर्ध्या सेकंदात एकाच मुलाने घ्यायचा असतो आणि आधी ठरवलेला बेत पळणाऱ्याच्या पहिल्या हुलकावणीतच मोडतो.

मांडणीचा हिशेबही बघून घ्या. अधिकृत खो-खोचं मैदान सत्तावीस बाय सोळा मीटर. म्हणजे आपल्या पटांगणात ते रुंदीलाच मावत नाही. मावलं तरी आठ बसलेले, एक पाठलाग करणारा आणि तीन पळणारे, इतकेच जण एका वेळी खेळात. छत्तीसपैकी चोवीस जण कडेला बसणार. म्हणून मी बारा बाय आठ मीटरची तीन छोटी मैदानं चुन्याने आखते, मध्ये दोन-दोन मीटर मोकळे सोडून. दर मैदानात पाच चौकोन, दोन-दोन मीटरवर. सहा जणांचा संघ: पाच बसलेले, एक पाठलागावर. समोरचे सहा जण तिघा-तिघांच्या दोन तुकड्यांत पळतात. लाकडी खांब मी रोवत नाही; खांबाच्या जागी जुन्या टायरमध्ये वाळू भरून त्यात बांबू उभा करते. अंगावर आला तर तो कलतो, डोकं फुटत नाही. तीन मिनिटांचा डाव आणि एक मिनिट बोलायला धरलं, तर पंचवीस मिनिटांत सहा डाव होतात.

लगोरीला त्याच पटांगणात नऊ मीटर व्यासाची तीन वर्तुळं मावतात. दर वर्तुळात सहा विरुद्ध सहा, चार-पाच मीटरवरून फेक, तीन संधी. दगड नसतील तर फुटक्या कौलाचे तुकडे चालतात, पण त्यांच्या कडा खडबडीत फरशीवर घासून बोथट कराव्या लागतात. चेंडू रबरी नको. जुन्या मोज्यात चिंध्या घट्ट कोंबून शिवलेला चेंडू लागत नाही आणि फार उसळतही नाही, त्यामुळे लहान जागेत तोच बरा. पंचवीस मिनिटांत आठ डाव आरामात होतात. पावसाळ्यात मैदान निसरडं झालं की खो-खो बंदच ठेवावा लागतो. उठता-बसताना मुलं घसरतात, गुडघे फुटतात. लगोरी मात्र व्हरांड्यातही खेळता येते.

आता नियमांतले बदल. लगोरीत मी तीनच करते. एक, हातात चेंडू असताना पाऊल टाकायचं नाही आणि तीन आकडे मोजायच्या आत फेकायचा किंवा दुसऱ्याकडे द्यायचा. या एका नियमाने राखणाऱ्या संघाला आपोआप जागा वाटून घ्याव्या लागतात, कारण चेंडू ढिगापर्यंत हातोहातच पोचवावा लागतो. दोन, एका मुलाने एका डावात दोनच दगड ठेवायचे. सातही दगड पडले तर किमान चौघांना ढिगाशी यावंच लागतं; एरवी कडेला लपणाऱ्या मुलीलाही. तीन, चेंडू लागला तर बाद व्हायचं नाही. हातातला दगड तिथेच टाकायचा, वर्तुळाच्या रेषेला हात लावून परत यायचं. गल्लीत एक लागला की कुठे सगळा डाव संपतो, कुठे तो गडी बसतो. पहिल्या रीतीने मुलं एकमेकांना दोष देतात, दुसऱ्या रीतीने हळू मुलं सगळा तास बसून काढतात. "लागला की नाही" हा वाद लगोरीला वाळवीसारखा पोखरतो. त्यासाठी नियम असा की ज्याला लागला त्यानेच सांगायचं, आणि शंका असेल तर धावणाऱ्याच्या बाजूने निकाल. पहिल्या आठवड्यात खोटं बोलणारे निघतात. दुसऱ्यापासून संघातलीच मुलं त्यांना थांबवतात.

खो-खोत मुख्य बदल एकच: पाठलाग करणाऱ्याने पाठ दिसणाऱ्या दुसऱ्या गड्यापर्यंत खो द्यायचाच, पुढे जायचं नाही. याने एकटा धावत राहणारा थांबतो. पण खरी अडचण निराळी असते. हळू उठणाऱ्या मुलाला कुणी खो देतच नाही, तो पूर्ण डाव नुसता बसून राहतो आणि बाहेरून बघताना खेळ मात्र छान चाललेला दिसतो. हे नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही. कडेच्या एका मुलाला पाच चौकोन काढलेला कागद द्या आणि दर खोला त्या-त्या चौकोनात रेघ मारायला सांगा. डाव संपला की कागद संघापुढे धरा.

एक प्रसंग सांगते. सातवीचा वर्ग, तिसरा तास. कागदावर दुसरा चौकोन कोरा. तिथे बसलेला मुलगा अंगाने जड, उठायला वेळ लावणारा. "त्याला दिला तर गडी सुटतो," संघाने सरळ सांगितलं, आणि ते खरंच होतं. मी उत्तर दिलं नाही, एक मिनिट बोलायला दिलं. पाठलागाला खांबापासून सुरुवात करणाऱ्या मुलीने सुचवलं की त्याला खांबाशेजारच्या चौकोनात बसवू. खांबाच्या कोपऱ्यात कोंडलेल्या पळणाऱ्याला जायला जागा कमी असते, म्हणजे उठणाऱ्याला वेगापेक्षा लांब हाताचा उपयोग जास्त. आणि हात त्याचा लांब होताच. पुढच्या डावात त्याने एक गडी टिपला. खो-खोत डावपेच शिकवायची जागा इथे आहे: धावतानाच्या निर्णयात नव्हे, तर डावाआधी कुणाला कुठे बसवायचं या ठरावात.

आणखी एक गोष्ट निवडीत मोजावी लागते. आठवीत मुलं-मुली मिश्र संघात असली की पाठीला हात लावून खो देताना संकोच होतो, आणि संकोचलेला खो उशिरा जातो. मी तिथे खांद्याला बोटं लावून दिलेला खो चालवते. कुठे तेही नको वाटलं तर लगोरी घेते. चेंडूने खेळ होतो, हात लागतच नाही.

शाळेला तालुक्याच्या स्पर्धेत संघ पाठवायचा असेल तर मात्र निवड खो-खोचीच. त्याचे नियम ठरलेले आहेत, वयोगट आहेत, पुढे जायला वाट आहे. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, तेव्हापासून पालकही याच खेळाबद्दल विचारतात. पण संघात निवडलेल्या मुलांसाठी माझा "दुसऱ्या गड्यापर्यंत खो" हा नियम दोन महिने आधी काढून टाकावा लागतो. तो अधिकृत खेळात नाही, आणि त्याची सवय लागलेली मुलं हातचा गडी सोडून उगीच खो देतात.

स्पर्धेचा विचार नसेल तर वर्ग बघून ठरवावं. मुलं एकमेकांशी बोलतच नसतील, सांगतील तेवढंच करत असतील, तर लगोरी. बोलकी असतील पण दोघं-तिघंच सगळं चालवत असतील, तर खो-खो. सहावीला मी जवळजवळ नेहमीच लगोरीने सुरुवात करते आणि चौथ्या आठवड्यात, त्याच सहा-सहा जणांच्या संघांना, चुन्याने पाच चौकोन आखून देते. तोवर एक मिनिटात बेत करायची सवय झालेली असते. कोण कुठे बसायचं हे मी सांगायच्या आधीच संघ गोल करून बोलायला बसलेला असतो.