जुना पगार नव्या ऑफिसला सांगावा, की कर आपला आपण भरावा?

वर्षाच्या मधेच नोकरी बदलली की दोन वाटा असतात. 2025-26 च्या नियमांप्रमाणे फॉर्म 12बी भरून जुन्या पगाराचा हिशेब नव्या ऑफिसला द्यायचा, किंवा तो न देता उरलेला कर स्वतः भरायचा. दोन्ही चालतात, आणि मी दोन्ही करून पाहिल्या आहेत.

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या भाच्याचंच घ्या. 2025-26 मध्ये सप्टेंबरपर्यंत मकरपुऱ्यात महिना 1,10,000, ऑक्टोबरपासून दुसरीकडे 1,40,000. करप्रणाली नवी. जुन्या ऑफिसनं वर्षभराचा अंदाज धरून महिना 3,900 कापले, म्हणजे सहा महिन्यांत 23,400. 12बी दिला नसता, तर नव्या ऑफिसला फक्त आपले 8,40,000 दिसले असते. 75,000 ची वजावट धरली की रिबेटमुळे त्यांच्या लेखी कर शून्य. प्रत्यक्षात दोन्ही पगार मिळून 15 लाख होतात, आणि सेससकट कर 97,500. मधले 74,100 कोणीच कापले नसते. हातात पगार जास्त येतो, म्हणून तेव्हा बरंच वाटतं. पण ही रक्कम थेट जुलैत रिटर्नबरोबर भरली असती, तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स न भरल्याचं व्याज साधारण 6,700 रुपये झालं असतं.

व्याज टाळायला हप्ते वेळेवर स्वतः भरता येतात. मी एकदा तसंच केलं होतं. 15 मार्चला घाईत चलनावर असेसमेंट इयर चुकीचं निवडलं. पैसे गेले, पण त्या वर्षाच्या 26एएस या करनोंदीत दिसेनात. लक्षात आलं तोवर ऑनलाइन दुरुस्तीची मुदत संपली होती, मग अर्ज आणि हेलपाटे. रक्कम बुडाली नाही, पण त्या मनस्तापानंतर माझं मन 12बी कडे झुकलं ते झुकलंच.

12बी मध्येही त्रास नाही असं नाही. जुना पगार नव्या एचआरला कळतो, काहींना ते नको असतं. शिवाय उरलेल्या सहा महिन्यांत कपात एकदम वाढते, भाच्याची महिना 12,350 झाली. फॉर्ममध्ये जुन्या कंपनीचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, लागतो, तो नोकरी सोडण्याआधीच मागून घ्यावा. आकडे मात्र फुल अँड फायनलच्या कागदावरून भरा, कारण शेवटच्या हिशेबात कापलेला कर बदलू शकतो आणि आधीच्या सॅलरी स्लिपमध्ये ते दिसत नाही.

पीएफच्या बाबतीत मला निवड फारशी वाटत नाही. यूएएन तोच ठेवून रक्कम ट्रान्सफरच करावी, कारण पाच वर्षांच्या नोकरीनंतरच्या करमाफीसाठी मागची नोकरीही धरली जाते. भाच्याचं ट्रान्सफर अडकलं ते एका तारखेवर. तो 30 सप्टेंबरला सुटला, 1 ऑक्टोबरला नवीकडे लागला, आणि जुन्या ऑफिसनं डेट ऑफ एक्झिट 3 ऑक्टोबर टाकली. दोन नोकऱ्या तीन दिवस एकमेकींवर चढल्या. म्हणून अर्ज करण्याआधी पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडून ही एक तारीख बघा, आणि चूक असेल तर जुन्या ऑफिसातले ओळखीचे लोक आहेत तोवरच दुरुस्त करून घ्या.