सोसायटीतले सोलर दिवे: एक पावसाळा आणि एक हिवाळा काढल्यानंतर

पुण्यात आमच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये मे महिन्यात आठ सोलर खांब लागले. दिवे सगळे सारखेच, 12 वॅटचे. कमिटीच्या सांगण्यावरून सहा खांबांवर 75 वॅटचं पॅनेल आणि 30 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली. उरलेल्या दोनांवर व्हेंडरच्या मूळ कोटेशनप्रमाणे 40 वॅट आणि 18 एएच ठेवलं, म्हटलं बघू तरी. त्यामुळे फरक डोळ्यांसमोर दिसला.

आधी विजेच्या खर्चाचा हिशोब. दिवा रात्री अकरापर्यंत पूर्ण आणि नंतर पहाटेपर्यंत अर्धा जळतो. जुलैत सव्वासातला अंधार पडतो, म्हणजे पूर्ण उजेडाचे चार तास आणि अर्ध्याचे सात. 48 अधिक 42, असे 90 वॅट-तास. दिव्याच्या ड्रायव्हर सर्किटमध्ये वाया जाणारं धरून 100. खोक्यावर छापलेल्या वॅटवर मात्र जाऊ नका. रेडिमेड दिव्यांवर 200-300 वॅट सर्रास लिहिलेलं असतं. बॅटरीच्या वायरला डीसी क्लॅम्प मीटर लावा, आमच्या दिव्याला एक अँपिअरच्या आसपास दिसतो, म्हणजे खरे 12-13 वॅट.

आता जमा. व्हेंडरने वर्षाची सरासरी धरून पाच तास ऊन मोजलं होतं. पण आपल्याकडे आठ-आठ दिवस झड लागते, तेव्हा दिवसभरात दोन तासांच्या कडक उन्हाइतकं मिळालं तरी खूप. शिवाय पॅनेलची सगळी वीज बॅटरीत उतरत नाही. बॅटरी चार्ज करणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर 18 व्होल्टचं पॅनेल बॅटरीच्या 13 व्होल्टवर ओढतो, त्यात आणि धुळीत मिळून तीस टक्के जातात. म्हणजे 40 वॅटचं पॅनेल अशा दिवशी 40 गुणिले 2 गुणिले 0.7, म्हणजे 56 वॅट-तास देतं. 75 वालं 105. खर्च 100!

छोट्या दोन खांबांना रोज 44 ची तूट. बॅटरीत वापरता येण्याजोगे साधारण 184 वॅट-तास, म्हणजे चार रात्री निभतात. जुलैत तसंच झालं. पहिले काही दिवस कुणाला पत्ताच नव्हता, कारण दिवा पहाटे विझायचा. वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, मागचे दोन साडेतीनला जातात." पुढे ते अकरा वाजून गेले की लगेच जायला लागले, म्हणजे दिवसाची कमाई त्याच रात्री संपत होती. व्हेंडरचा उपाय काय, तर बॅटरी मोठी करू. त्याने फक्त विझण्याची तारीख चार दिवस पुढे गेली असती. बॅटरी ढगाळ दिवस ओढून नेते, पण भरायचं काम पॅनेललाच करावं लागतं. शेवटी पॅनेल बदलून घेतली.

हिवाळ्यात रात्र मोठी म्हणून डिसेंबरची भीती घातली जाते. आमच्याकडे तेव्हा खर्च 120 पर्यंत गेला, पण ऊन लख्ख, त्यामुळे 75 वॅटला काही फरक पडला नाही. माप जुलैचंच घ्यायचं.

सेन्सरचं वेगळंच प्रकरण. या दिव्यांना वेगळा सेन्सर नसतोच. पॅनेलचा व्होल्टेज ठरलेल्या आकड्याखाली गेला की कंट्रोलर संध्याकाळ झाली असं धरतो. क्लबहाउसजवळचा एक खांब रात्री लागेचना. बॅटरी भरलेली, वायरिंग ठीक. पॅनेलवर पोतं टाकलं तर काही मिनिटांत लागला! समोरच्या फ्लडलाइटचा झोत थेट पॅनेलवर पडत होता. रिमोटवरून मर्यादा 5 व्होल्टवरून 8 वर नेली, तेव्हापासून सुरळीत. ती वाढवल्यावर ढगाळ दुपारी दिवे लागतील अशी शंका एका सभासदांनी काढली होती, तसं झालं नाही. आभाळ भरलं तरी पॅनेलचा व्होल्टेज फारसा पडत नाही, पडतो तो करंट.

गेटवरच्या विजेच्या दिव्याला मात्र वेगळा फोटोसेल आहे, आणि इलेक्ट्रिशियनने तो दिव्याच्या खालीच अडकवला. संध्याकाळी दिवा लागला की सेन्सरला उजेड दिसतो, दिवा विझतो, परत लागतो. आठवडाभर गेटवर गणपतीचं डेकोरेशन असल्यासारखं वाटत होतं. सेन्सर दिव्याच्या वर, पाठ करून बसवला.

राहिला गुलमोहराखालचा खांब. दुपारी एका फांदीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर येते आणि तेवढ्यानेही करंट निम्म्याखाली जातो, कारण सगळे सेल एका माळेत असतात. फांदी छाटायला महापालिकेची परवानगी लागते. तोवर पॅनेल मीटररूमच्या छतावर नेलंय, चार चौरस मिलिमीटरची वायर टाकून. पातळ वायर टाकली असती तर तेवढ्या लांबीत व्होल्टेज पडला असता.