अंडा रोलसाठी अंडे आधी तव्यावर की पोळीवर?

लातूरच्या शिकवणी वर्गांच्या परिसरात संध्याकाळी अंडा रोलची गाडी लावण्याचे माझ्या भाच्याने ठरवले आहे. शेगडी, तवा, कणीक, अंडी या सगळ्याचा हिशेब जमला, पण एका प्रश्नावर तो अडून बसला आहे. अंडे आधी तव्यावर ओतून त्यावर पोळी टाकावी, की पोळी तव्यावर असतानाच तिच्यावर अंडे ओतावे? गिऱ्हाईक रोल चावते तेव्हा अंड्याचा थर पोळीपासून सुटून अख्खा बाहेर ओढला जाता कामा नये आणि गुंडाळताना तो मधोमध फाटताही कामा नये, एवढीच त्याची अपेक्षा आहे. त्याच्यासारखाच प्रश्न असलेल्यांसाठी या दोन्ही पद्धतींची तुलना येथे मांडली आहे. त्यांच्या जोडीला भाकरीच्या पापुद्र्यात अंडे घालण्याची तिसरी पद्धतही घेतली आहे, कारण आपल्याकडे तिचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

अंडे पोळीला धरते ते पातळ असतानाच. फेटलेले अंडे पोळीच्या पृष्ठभागावरच्या बारीक खळग्यांत आणि छिद्रांत शिरते, तेथेच तापते आणि घट्ट होताना पोळीत रुतून बसते. अंड्याचा पांढरा भाग साधारण 62 ते 65 अंश सेल्सिअसला दाटू लागतो, पिवळा बलक त्याच्या थोडा पुढे, आणि 80 च्या आसपास पांढरा भाग पक्का घट्ट होतो. म्हणजे थर वरून ओला असताना पोळीशी त्याची गाठ पडली पाहिजे. एकदा वरचा भाग सुकला की पुढे कितीही दाबले तरी ते पोळीवर ठेवलेले ऑम्लेटच राहते. चिकटण्याच्या आड येणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. लाटताना लावलेली पिठी पोळीवर तशीच राहिली तर अंडे पोळीला न धरता पिठीला धरते आणि पिठीसकट सुटून येते. पोळीच्या त्या बाजूला आधीच तेल माखले असेल तर अंडे खळग्यांत शिरतच नाही. म्हणून पिठी हाताने झटकून टाकावी आणि तेल अंड्याच्या खाली, तव्यावर लावावे. पोळी आणि अंडे यांच्या मध्ये ते येऊ देऊ नये.

चिकटले की नाही, हे पाहणे सोपे आहे. तयार रोल उलगडून कडेला नखाने अंड्याचा थर उचलून पाहावा. पोळीवर अंड्याचे पिवळे तुकडे आणि धागे राहिले, तर ते नीट धरले आहे. थर कागदासारखा स्वच्छ निघाला आणि त्याची खालची बाजू गुळगुळीत दिसली, तर पोळी उशिरा पडली किंवा मध्ये तेल होते. त्या बाजूला पांढरी भुकटी दिसली, तर दोष पिठीचा.

आता पहिली पद्धत पाहू. पोळी आधी दोन्ही बाजूंनी अर्धवट, म्हणजे नुकते फिके डाग पडेपर्यंत भाजून बाजूला ठेवायची. तव्यावर चमचाभर तेल पसरून फेटलेले अंडे ओतायचे, उलथन्याने पोळीच्या आकाराएवढे पसरायचे आणि त्यावर लगेच पोळी ठेवून हलके दाबायचे. या पद्धतीत थराची जाडी आपल्या हातात राहते आणि वरची ओली बाजू थेट पोळीला लागते, म्हणून अंडे घट्ट धरते. कोलकात्याच्या एग रोलवाल्यांच्या सपाट तव्यावर अंड्यावर पराठा टाकण्याची ही रीत रोज पाहायला मिळते. तिची अडचण वेळेची आहे. तापलेल्या तव्यावर अंड्याचा खालचा भाग दहा-पंधरा सेकंदांत घट्ट होतो आणि वरचा त्याच्या मागोमाग, त्यामुळे पोळी शेजारी तयार नसेल तर डाव हातचा गेला.

दुसऱ्या पद्धतीत पोळीची एक बाजू अर्धवट भाजून ती उलटायची, भाजलेल्या बाजूवर अंडे ओतून पसरायचे आणि वरचा भाग अजून चमकत असताना पोळी अलगद पालथी करून अंड्याची बाजू तेल लावलेल्या तव्यावर टाकायची. येथे अंड्याला आच पोळीतून मिळते, म्हणून ते सावकाश घट्ट होते, पोळीत मुरायला त्याला भरपूर वेळ मिळतो आणि चिकटण्याच्या बाबतीत ही पद्धत पहिलीपेक्षा तसूभरही कमी नाही. खोट दोन ठिकाणी येते. एक म्हणजे अंडे घट्ट होण्याची वाट पाहताना पोळीचा तळ करपतो, म्हणून आच मंद ठेवावी लागते आणि एका रोलला वेळ जास्त जातो. दुसरी म्हणजे उलटण्याचा क्षण. लवकर उलटले तर कच्चे अंडे कडेने ओघळून तव्यावर झालर पसरते, आणि उशिरा उलटले तर तव्यावर लागून वरचा थर खरवडून निघतो. कडेचे अंडे वाहायचे थांबले आहे आणि मधला भाग अजून थरथरतो आहे, ती खरी वेळ.

इतपत पाहिले तर दोन्ही पारडी सारखी वाटतील, पण खरा फरक तव्याच्या आकारात आहे. आपल्या घरी पोळीचा तवा बहुधा खोलगट असतो. त्यावर पहिल्या पद्धतीने अंडे ओतले की ते मध्ये साचते, कडा पातळ राहतात. मध्य घट्ट होईपर्यंत कडा कडक होऊन जातात आणि गुंडाळताना तेथेच चिरतात. त्याच खोलगट तव्यावर पोळी टाकली की ती वाटीसारखी बसते आणि वर ओतलेले अंडे कडेने वाहून जात नाही. मध्ये थोडे जाड होते खरे, पण उलथन्याच्या टोकाने ते कडेकडे ओढून घेता येते. सपाट तव्याचे गणित उलटे आहे. त्यावर अंडे ओतल्याबरोबर सारखे पसरते आणि पहिली पद्धत सुखाने चालते. उलट पोळीवर ओतलेले अंडे मात्र कडेने सांडते. घरी खोलगट तवा असलेल्यांनी दुसरी पद्धत घ्यावी आणि गाडीवर मोठा सपाट तवा ठेवणाऱ्यांनी पहिली, असे माझे मत आहे. आवडीनिवडीचा प्रश्न येथे जवळजवळ उरत नाही.

भाच्याच्या गाडीसाठी हेच प्रमाण आकड्यांत मांडतो. एक अंडे फोडल्यावर साधारण 50 ग्रॅम भरते. ते 20 सेंटिमीटर व्यासाच्या पोळीवर पसरले तर थर दीड मिलिमीटरच्या आसपास होतो, आणि एवढा थर गुंडाळताना टिकतो. पोळी 25 सेंटिमीटरची केली तर तोच थर जेमतेम एक मिलिमीटर उरतो आणि जागोजाग विरतो. म्हणून मोठा रोल हवा असेल तर दुसरे अंडे घालावे, एकच अंडे ताणू नये. अंड्यात दूध किंवा पाणी घालण्याची सवय अनेकांना आहे. त्याने थर मऊ होतो, पण तेवढाच नाजूकही होतो, आणि रोलमध्ये नाजूकपणाचा उपयोग नाही. अंडे फेस येईपर्यंत फेटू नये, कारण बुडबुडे फुटून त्या जागी भोके राहतात. पांढऱ्या भागाच्या तारा दिसेनाशा होईपर्यंत काट्याने हलवले की पुरे. कांदा अंड्यात घालायचाच असेल तर अगदी बारीक चिरून चमचाभर. जाड फोडीच्या भोवतीचा थर विरळ राहतो आणि फाटायला सुरुवात तेथूनच होते. टोमॅटो अंड्यात नकोच, त्याचे पाणी थराखाली वाफ धरते.

तव्याची आच पाहायला पाण्याचा एक थेंब टाकावा. तो चुरचुरून दोन-तीन सेकंदांत आटला तर तवा योग्य आहे. थेंब गोळी होऊन तव्यावर पळू लागला तर तवा फार तापला आहे. अशा तव्यावर अंड्यातले पाणी एकदम निघून जाते, थर आकसतो आणि रबरासारखा होऊन गुंडाळताना तडकतो. उघड्यावरच्या गाडीवर वारा ज्योत एका बाजूला लोटतो आणि तव्याची दुसरी बाजू गार राहते, म्हणून शेगडीला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा हवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो, तेव्हा संध्याकाळभराची अंडी आधीच फोडून भांड्यात ठेवण्याचा मोह टाळावा आणि मागणी आली की अंडे फोडावे.

पोळीसाठी मैदा आणि कणीक निम्मे निम्मे घेऊन, मळून अर्धा तास झाकून ठेवलेल्या पिठाचा 60 ग्रॅमचा गोळा पुरतो. न मुरलेल्या पिठाची पोळी लाटताना आखडते, जाडपातळ होते आणि तिच्यासोबत अंडेही फाटते. गुंडाळताना अंड्याची बाजू आत ठेवावी. वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. तो ताण पोळी सोसते, अंडे सोसत नाही. तव्यावरून उतरल्यावर लगेच गुंडाळू नये, वाफ जाण्यापुरते थांबावे, पण पोळी गार होऊन ताठ होईपर्यंतही थांबू नये.

तिसरी पद्धत भाकरीची. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे भाकरी गुंडाळली की तुटते, म्हणून वरच्या दोन्ही पद्धती तिच्या बाबतीत फोल ठरतात. मात्र भाकरी चांगली फुगली की तिचा पापुद्रा कडेला सुरीने चार बोटे सोडवून, आत फेटलेले अंडे ओतून, भाकरी हातात थोडी तिरपी फिरवून ते सगळीकडे पोचवता येते. आतला भाग वाफेने ओलसर आणि खरखरीत असतो, तेथे ना पिठी असते ना तेल, म्हणून अंडे दोन्ही पदरांना इतके धरते की नंतर ते वेगळे करणे कठीण. मग चिरेची बाजू दाबून भाकरी मंद आचेवर झाकण ठेवून दोन्हीकडून भाजावी. आत अंडे कच्चे राहण्याची भीती येथेच सर्वांत जास्त, म्हणून एक भाकरी मोडून मधला भाग पाहावा. पातळ अंडे वाहिले तर झाकणाखाली आणखी थोडा वेळ द्यावा. फुगवताना पापुद्र्याला भोक पडले असेल तर त्या भाकरीत अंडे घालण्याच्या भानगडीत पडू नये, ते सगळे तव्यावर सांडते.

गाडीवर मात्र ही भाकरी ठेवू नये, असे भाच्याला मी सांगितले आहे. प्रत्येक भाकरी फुगेलच याची खात्री नसते, फुगलेली भाकरी गार झाली की पापुद्रा पुन्हा बसतो, आणि शिकवणी सुटल्यावर एकदम येणाऱ्या मुलांना तेवढा धीर नसतो. त्याने सपाट तवा घ्यावा, अर्धवट भाजलेल्या पोळ्या फडक्यात गुंडाळून उबदार ठेवाव्यात, आणि अंडे पसरताना दुसऱ्या हातात पोळी धरून उभे राहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.