निबंधासाठी कुठला एमओएफ घ्यायचा: एमओएफ-५, एचकेयूएसटी-१ की निकेलचं एमओएफ-७४?

एमओएफ म्हणजे मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क, आत बारीक पोकळ्या असलेले क्रिस्टल. ते गॅस कसा साठवतात यावर मटेरियल्स केमिस्ट्रीचा निबंध लिहायचा असेल तर माझं पहिलं सांगणं हेच की दहा एमओएफची यादी देत बसू नका, एकच गॅस धरा आणि दोन-तीन स्ट्रक्चर समोरासमोर ठेवा. मी मिथेन धरेन. तो नेहमीच्या तापमानाला मोजता येतो, त्याचा रेणू जवळपास गोल असतो त्यामुळे पोअरमध्ये, म्हणजे आतल्या पोकळीत, कसा बसतो याची भानगड कमी होते, आणि लिंकरचं काम कुठलं नि मेटलचं कुठलं हे वेगवेगळं दाखवता येतं.

तिन्हींमध्ये मूळ गोष्ट एकच आहे. मेटलचे नोड असतात, त्यांना ऑर्गॅनिक लिंकर जोडतात, मधे मोकळी जागा राहते, तिथलं सॉल्व्हंट काढून टाकलं की मिथेन भिंतींना हलकेच चिकटतो, पक्का बॉण्ड वगैरे काही होत नाही, म्हणून प्रेशर उतरवलं की तो सुटतो. आता गंमत इथे आहे. गाडीची टाकी साधारण ६५ बारपर्यंत भरायची असं धरतात आणि ५.८ बारला ती रिकामी समजतात, कारण त्याच्या खाली इंजिनाला पुरेसं प्रेशर मिळत नाही. म्हणजे ६५ बारला किती मावला यापेक्षा ६५ ते ५.८ च्या मधे किती बाहेर आला हा आकडा कामाचा, त्याला वर्किंग कपॅसिटी म्हणतात, आणि तुमची तुलना याच आकड्यावर उभी करा.

एमओएफ-५ म्हणजे Zn4O(BDC)3, रसायनशास्त्रज्ञ ओमर याघींच्या ग्रुपचं १९९९ चं. झिंकचे नोड आणि टेरेफ्थॅलेट लिंकर, क्यूबसारखी रचना, आतली पोकळी साधारण १२ ते १५ अँगस्ट्रॉम. मिथेनचा रेणू ३.८ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे मधोमध असलेल्या रेणूला भिंतीची ओढ फारशी जाणवतच नाही. झिंकही सगळीकडून ऑक्सिजनने वेढलेला, त्यामुळे जोरात धरणारी जागा कुठेच नाही. म्हणून एकूण साठा मध्यम, पण कमी प्रेशरला आत अडकून राहणारा गॅसही कमी, त्यामुळे वर्किंग कपॅसिटीत एमओएफ-५ वाटतं तितकं मागे पडत नाही.

एचकेयूएसटी-१ सुद्धा १९९९ चंच, हाँगकाँगच्या विद्यापीठातलं, Cu3(BTC)2. यात दोन कॉपर पॅडलव्हीलसारखे जोडलेले असतात आणि सॉल्व्हंट काढलं की प्रत्येक कॉपरची एक बाजू उघडी पडते, शिवाय मोठ्या पोअरबरोबर छोटे कप्पे आहेत ज्यांच्या तोंडाशी मिथेन अगदी नीट बसतो. ६५ बार आणि २५ अंशांना १ घनसेंमी क्रिस्टलमध्ये साधारण २६७ घनसेंमी मिथेन मावतो (वायूचं आकारमान प्रमाण तापमान-दाबाला मोजलेलं) आणि त्यातला १९० च्या आसपास बाहेर येतो.

हा २६७ आला कुठून याचा हिशोब निबंधात जरूर करा, अर्ध्या पानात होतो. फॉर्म्युला मास ६०५, घनता ०.८८, म्हणजे १ घनसेंमीत १.४५ मिलिमोल फॉर्म्युला युनिट, प्रत्येकात ३ कॉपर, झाले ४.३६ मिलिमोल कॉपर. प्रत्येक कॉपरवर एक मिथेन धरला आणि एका मिलिमोल वायूच्या २२.४ घनसेंमीने गुणलं तर ९८ घनसेंमी. छोट्या कप्प्यांची तोंडं दर फॉर्म्युला युनिटला २ येतात, त्यांचे ६५. म्हणजे १६३ एवढे या दोन ठरलेल्या जागांवर आणि बाकीचे शंभरेक मोठ्या पोअरमध्ये. पोअर स्ट्रक्चर गॅस साठवतं म्हणजे नक्की काय होतं हे या एका हिशोबात दिसतं.

तोच हिशोब निकेलच्या एमओएफ-७४ ला लावा. फॉर्म्युला मास ३११.५, घनता १.२, दर युनिटला २ निकेल, निकेलवरच्या मिथेनचं उत्तर येतं १७३. म्हणजे उघड्या मेटलची गर्दी जवळपास पावणेदोन पट, शिवाय धरणही घट्ट. मिथेन सोडवायला लागणारी ऊर्जा एमओएफ-५ मध्ये साधारण १२, एचकेयूएसटी-१ मध्ये १७ आणि इथे २१ किलोज्यूल प्रति मोल. परिणाम असा की ६५ बारला एकूण साठा २५० च्या आसपास, एचकेयूएसटी-१ च्या तोडीस तोड, पण ५.८ बारला निकेलवरचे बरेचसे मिथेन तसेच चिकटून बसलेले, आणि बाहेर येतो तो साधारण निम्माच. जास्त जोराने धरणं म्हणजे जास्त चांगलं हा समज इथे मोडतो, निबंधाचा कणा मी यावरच ठेवेन.

लिंकर बदलण्याचं काय? लांबी वाढवणं हा सगळ्यांना सुचणारा मार्ग. २००२ मध्ये एमओएफ-५ ची १६ भावंडं आली, त्याच जोडणीत वेगवेगळे लिंकर, पोअर ३.८ पासून २८.८ अँगस्ट्रॉमपर्यंत. पण लिंकर लांबला की क्रिस्टल हलकं होतं, ग्रॅममागे आकडा फुगतो आणि टाकीच्या आकारमानामागे मात्र घसरतो, कारण मधली जागा भिंतीपासून लांब पडते. शिवाय लांब लिंकर घेतले की एका जाळ्यात दुसरं जाळं वाढण्याची शक्यता असते, मग पोअर पुन्हा लहान.

मला त्यापेक्षा एनओटीटी-१०१ आणि यूटीएसए-७६ ही जोडी जास्त आवडते. दोन्ही कॉपरचेच, रचना तीच, फक्त लिंकरच्या मधल्या बेंझीन रिंगमध्ये दोन सीएचच्या जागी दोन नायट्रोजन, म्हणजे पिरिमिडीन. पोअरचा आकार जवळपास तोच राहिला आणि २०१४ मध्ये वर्किंग कपॅसिटी २०० च्या जवळ मोजली गेली, एनओटीटी-१०१ पेक्षा स्पष्ट जास्त. कारण असं दिलं गेलं की पिरिमिडीन रिंग सहज फिरू शकते, त्यामुळे जास्त प्रेशरला मिथेन दाटीवाटीने बसायला तिची वळण्याची मुभा कामी येते. लिंकर ट्यून करणं म्हणजे काय हे यातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं लांबीच्या उदाहरणातून दिसत नाही.

मग निवड? फक्त भूमिती समजवायची असेल, विषय हायड्रोजनचा असेल किंवा सर्फेस एरियावर भर असेल तर एमओएफ-५ घ्या. पण त्याचे जुने आकडे जपून वापरा, ओलाव्याने झिंक-ऑक्सिजन जोड तुटतो, हवा लागू न देता बनवलेल्या नमुन्यात ३८०० चौरस मीटर प्रति ग्रॅम मिळाले आणि हवा लागलेल्यांत बरेच कमी, एक्सआरडीत, म्हणजे एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये, ८.९ अंशांजवळ नवीन पीक दिसलं की समजायचं बिघडलंय. पूर्ण निबंध एकाच पदार्थावर बेतायचा तर मी एचकेयूएसटी-१ घेईन आणि निकेल एमओएफ-७४ ला उलटं उदाहरण म्हणून शेजारी ठेवेन. एचकेयूएसटी-१ चं ॲक्टिव्हेशन, म्हणजे पोअर रिकामे करणं, डोळ्यांनी दिसतं, पाणी गेलं की फिक्का निळसर रंग गडद जांभळट निळा होतो, परत फिक्का पडला म्हणजे कॉपरवर पुन्हा पाणी बसलं आणि त्या ९८ मधला मोठा भाग हातचा गेला.

एक धोका राहतो, वरचे सगळे आकडे क्रिस्टलच्या घनतेवर काढलेत. पावडर टाकीत भरली की दाण्यांच्या मधे मोकळी जागा राहते आणि जोरात दाबली तर पोअर चिरडतात, म्हणून टेबलात घनता कुठली धरलीय ते लिहाच. २०१८ मध्ये केंब्रिजच्या गटाने सोल-जेल पद्धतीने न दाबता एचकेयूएसटी-१ चा सलग ठोकळा बनवला आणि त्यात ६५ बारला प्रत्यक्ष २५९ मिळाले.